‘विदाऊट प्रेज्युडिस’ लिहिलं, म्हणजे काय केलं?

कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघालं की मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही बाजूंना काल्हेर सुरू होतं. पुढे पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे. गोदामाला गोदाम लागून आहे. इथे माल रोज येतो-जातो आणि पैसा मात्र तारखांवर तारखा घेतो. त्यामुळे आमच्याकडे मालापेक्षा पत्रं जास्त फिरतात. थकबाकीचं पत्र, खराब मालाचं पत्र, डिपॉझिटचं पत्र, तडजोडीचं पत्र. आणि हल्ली यातल्या जवळजवळ प्रत्येक पत्राच्या डोक्यावर ठळक अक्षरांत दोन शब्द असतात: विदाऊट प्रेज्युडिस.

ते का लिहिलंत, असं लिहिणाऱ्याला विचारा. ‘सगळेच लिहितात’, ‘वकिलाने सांगितलं’, ‘सेफ राहतं’, अशी उत्तरं मिळतात. तिन्ही उत्तरं धोक्याची आहेत, आणि तिसरं सर्वांत जास्त. या शब्दांनी एका ठरावीक प्रसंगी खरोखर बचाव होतो. इतर प्रसंगी ते नुसतेच पडून असतात. आणि काही प्रसंगी ज्याने लिहिले, किंवा ज्याने पत्र घेऊन मुकाट फाइलला लावलं, त्याचंच नुकसान करतात. माझं भांडण या शेवटच्या प्रकाराशी आहे, कारण त्यात मरतो तो लहान पुरवठादार.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. ब्रिटिशांच्या काळातल्या 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 23 होतं. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि तेच कलम 21 व्या क्रमांकावर गेलं. त्याचा आशय सोपा आहे. दिवाणी प्रकरणात एखादी कबुली ‘हिचा पुरावा द्यायचा नाही’ अशा स्पष्ट अटीवर दिली असेल, किंवा दोन्ही बाजूंचं तसं ठरलं होतं असं परिस्थितीवरून कोर्टाला दिसत असेल, तर ती कबुली पुराव्यात धरली जात नाही. बस, इतकंच. त्या कलमात ‘विदाऊट प्रेज्युडिस’ हे शब्द नाहीतच. ते इंग्लंडच्या कोर्टांतल्या वहिवाटीतून आले आणि आपल्या वकिलांनी ती अट लिहिण्याची छोटी वाट म्हणून घेतले.

यातले दोन शब्द नीट धरून ठेवा: दिवाणी आणि कबुली. कलम कबुलीला झाकतं, सगळ्या पत्राला झाकत नाही. आणि झाकतं ते दिवाणी प्रकरणात.

झाकायचं कशासाठी, हेही समजून घेतलं पाहिजे. भांडणात दोघांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून. तुमचं म्हणणं नऊ लाखांचं, माझं म्हणणं सहा लाखांचं. मी म्हणालो, ‘चला, सात घ्या आणि मिटवा.’ तुम्ही नाही म्हणालात. उद्या कोर्टात तुम्ही तेच पत्र काढून ‘पाहा साहेब, यानेच सात लाख कबूल केलेत’ म्हणणार असाल, तर मी सात हा आकडा कधीच तोंडातून काढणार नाही. मग तडजोड व्हायची कशी? म्हणून मिटवण्यासाठी बोललेलं मिटलं नाही तर बोलणाऱ्यावर उलटू नये, हा त्यामागचा हिशेब आहे. तो योग्यच आहे. गोंधळ होतो तो, भांडणच नसताना किंवा मिटवायचंच नसताना हेच शब्द पत्राला लावले जातात तेव्हा.

आता एक व्यवहार मांडतो. माणसं आणि आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण काल्हेरमध्ये कुणालाही ते ओळखीचे वाटतील.

वळ गावातला एक खोकेवाला. म्हणजे पुठ्ठ्याची खोकी बनवणारा. काल्हेरच्या गोदामात बसून ऑनलाइन माल पाठवणाऱ्या एका कंपनीला त्याने 20 जून 2023 रोजी 30,000 खोकी दिली. दर 28 रुपये, बिल 8,40,000 रुपये. उधारीची मुदत बिलावर लिहिलेली नाही. चलनावर गोदामाचा शिक्का आणि सही आहे. पावसाळ्यात कंपनीचं म्हणणं आलं की 6,000 खोकी कमी जाडीच्या पुठ्ठ्याची निघाली, थप्पी लावली की खालची दबतात. म्हणजे 1,68,000 रुपयांच्या मालावर वाद. उरलेल्या 6,72,000 रुपयांवर वाद काहीच नाही, नुसता उशीर आहे.

अशा मालाच्या किमतीसाठी दावा लावायची मुदत 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे माल पोचवल्यापासून तीन वर्षं. म्हणजे 20 जून 2026 च्या आत दावा दाखल व्हायला हवा. त्यानंतर आलेला दावा समोरच्याने हरकत घेतली नाही तरीही कोर्टाला फेटाळावाच लागतो. पैसे खरे, माल खरा, सही खरी, आणि दावा फुकट.

मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याची एक सरळ वाट कलम 18 मध्ये आहे. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने देणं लेखी मान्य केलं आणि सही केली, की त्या सहीच्या दिवसापासून नवी तीन वर्षं. ही मान्यता फार मोकळी असावी लागत नाही. ‘देणं आहे, पण आत्ता देणार नाही’ किंवा ‘तुमच्याकडून माझंही येणं आहे’ असं लिहिलं तरी ती मान्यता ठरू शकते, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. 1961 साली सर्वोच्च न्यायालयात शापूर मझदा विरुद्ध दुर्गाप्रसाद चमारिया या प्रकरणात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, आपल्या साताऱ्याच्या प्रल्हाद बाळाचार्यांनी, हे फार नीट उलगडून सांगितलं आहे. देण्याचं नातं आजही चालू आहे असं लिहिणाऱ्याच्या मनात होतं, हे शब्दांवरून दिसलं की पुरे. रक्कम लिहिलीच पाहिजे असं नाही, फेडीन असं वचन दिलंच पाहिजे असंही नाही. आणि अशा शब्दांकडे कोर्टाने उदारपणे पाहावं.

हे देणेकऱ्याच्या बाजूने वाचा. साधं, सद्भावनेने लिहिलेलं ‘हिशेब बसून करू, काही सोडा, मिटवून टाकू’ असं पत्रही त्याच्या डोक्यावर नवी तीन वर्षं ठेवू शकतं. म्हणून गोदामवाल्या कंपनीचा वकील 12 जानेवारी 2025 रोजी पत्र लिहितो ते असं: ‘विदाऊट प्रेज्युडिस. मालाच्या दर्जाबाबत आमची तक्रार कायम ठेवून, केवळ वाद मिटावा म्हणून, आम्ही 5,00,000 रुपये अंतिम तडजोड म्हणून देण्यास तयार आहोत.’ हे पत्र चोख आहे. वाद खरा आहे, प्रस्ताव खरा आहे, आकडा तडजोडीचा आहे. उद्या खोकेवाल्याने हे दाखवून ‘पाच लाख तर मान्यच आहेत’ म्हटलं तर कोर्ट ते ऐकणार नाही. इथे ते दोन शब्द आपलं काम करतात, आणि मी त्या वकिलाला दोष देत नाही.

दोष खोकेवाल्याच्या वाचनात आहे. तो पत्र हातात घेऊन काय समजतो? ‘कंपनी पैसे द्यायला तयार आहे. लेखी आलं. आता घाई कशाला? दावा केला तर संबंध बिघडतील.’ तो ते पत्र फाइलला लावतो. मग साडेपाच लाखांवर बोलणी होतात, मग दिवाळी येते, मग कंपनीचा माणूस बदलतो. पत्रं येत राहतात आणि प्रत्येकावर तेच दोन शब्द असतात. एकही पत्र उघडं नाही. 20 जून 2026 उजाडते आणि मावळते. जुलैमध्ये वकिलासमोर फाइल उघडली तर जाड गठ्ठा आहे, आणि त्यात मुदत वाढवणारा एकही कागद नाही. पुराव्यातच न येणारं पत्र मुदत वाढवायला कसं पुढे करणार? समोरच्या वकिलाची हरकत तयारच असते.

बोलणी चालू होती, हे सांगून काही होत नाही. नुसत्या वाटाघाटींनी मुदत थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली बी अँड टी एजी विरुद्ध संरक्षण मंत्रालय या प्रकरणात पुन्हा ठासून सांगितलं. घड्याळ चालूच राहतं.

म्हणून खोकेवाल्याने त्याच जानेवारीत काय करायला हवं होतं? तडजोडीचं पत्र स्वीकारायला हरकत नव्हती. त्याच्या सोबत दुसरा कागद मागायला हवा होता. डोक्यावर काहीही न लिहिलेला, कंपनीच्या लेटरहेडवरचा, सही-शिक्क्याचा. त्यात एवढंच: ‘20 जून 2023 च्या बिलापोटी आमच्या खात्यात तुमची 8,40,000 रुपये बाकी दिसते; पैकी 1,68,000 रुपयांच्या मालाबाबत आमची तक्रार आहे.’ हा बाकीचा दाखला आपल्या हिशेबनीस लोकांना नवा नाही. मार्च अखेरीला ते एकमेकांकडून मागतातच. पण मागतात ते ऑडिटसाठी, आणि त्यावर मुदतीचं जीवनमरण अवलंबून आहे हे कुणी सांगत नाही. 12 जानेवारी 2025 ला असा कागद सहीने मिळाला असता तर वाद नसलेल्या रकमेला तरी जानेवारी 2028 पर्यंत वेळ मिळाला असता. अर्धीमुर्धी रक्कम खात्यावर घेणं हीसुद्धा एक वाट आहे. कलम 19 प्रमाणे मुदतीत दिलेल्या हप्त्याने नवी मुदत सुरू होते, पण त्या हप्त्याची नोंद देणाऱ्याच्या हातची किंवा सहीची असावी लागते. नुसती बँकेत आलेली रक्कम दाखवून भागेल असं गृहीत धरू नका. हप्ता घेताना ‘अमुक बिलापोटी इतके दिले’ अशी दोन ओळींची सही घ्या.

आणि कंपनीने असा कागद द्यायला साफ नकार दिला तर? मग त्या तडजोडीच्या पत्रात सद्भावना किती आहे हे कळलं. तेव्हा मुदत संपायची वाट न बघता पुढे जायचं. तीन लाखांवरच्या व्यापारी वादात तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करणं बंधनकारकच आहे. कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे त्या मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. म्हणजे घड्याळ थांबवायचं असेल तर त्याची रीतसर जागा आहे. ती कुणाच्या लेटरहेडच्या कोपऱ्यात नाही.

आता दुसरं टोक. त्याच कंपनीने 12 जानेवारीला असं लिहिलं असतं तर: ‘विदाऊट प्रेज्युडिस. आपली 8,40,000 रुपयांची बाकी मान्य आहे. सध्या धंदा मंद आहे, कृपया दिवाळीपर्यंत थांबावे.’ इथे वाद कुठे आहे? खराब मालाचा शब्द नाही, रक्कम पूर्ण मान्य आहे, फक्त वेळ मागितला आहे. तडजोड करायला दोन वेगळी म्हणणी लागतात, इथे एकच आहे. इंग्लंडमध्ये 2006 साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर ब्रॅडफर्ड अँड बिंगले विरुद्ध रशीद हे प्रकरण आलं ते नेमकं याच मुद्द्यावर. कर्ज थकलेल्या माणसाच्या बाजूने गेलेल्या पत्रांत देण्यावर वाद नव्हता, सवलतीची विनंती होती. लॉर्ड्सनी ती पत्रं देण्याची मान्यता म्हणून वाचायला परवानगी दिली आणि मुदत त्यावरून मोजली गेली. त्या पत्रांवर हे शीर्षक नव्हतं, पण मुद्दा शीर्षकाचा नव्हताच. मुद्दा होता तो, झाकण्यासारखी तडजोडीची बोलणी तिथे होती का, हा.

आपल्याकडे कलमातल्या ‘स्पष्ट अट’ या शब्दांवर देणेकऱ्याचा वकील जोर देईल, आणि त्याला ते म्हणायला जागा आहे. पण कोर्ट पत्राचं अंग बघतं, नुसतं डोकं बघून थांबत नाही. पीकॉक प्लायवूड विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या 2006 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच रोख धरला. शब्द लिहिले आहेत एवढ्याने पत्र आपोआप बाहेर पडत नाही, प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर ते ठरतं. म्हणून शीर्षकाच्या भरवशावर खाली निर्धास्तपणे ‘सगळं मान्य’ लिहू नका. उलट शीर्षक विसरलं तरी खऱ्या तडजोडीची बोलणी उघडी पडतातच असं नाही, कारण कलमाचा दुसरा भाग परिस्थितीवरून अंदाज काढायला कोर्टाला मोकळीक देतो. पण जो कबुली झाकायला निघाला आहे त्याने अंदाजावर का राहावं? दोन शब्द लिहावेत आणि खाली वाद काय आहे ते एका वाक्यात सांगावं. बळ त्या वाक्यातून येतं.

सर्वांत जास्त राग मला येतो तो नोटिशीवरच्या शीर्षकाचा. गाळा रिकामा करा म्हणून मालक नोटीस देतो, करार संपवतो, तारीख देतो, आणि वर ‘विदाऊट प्रेज्युडिस’ लिहितो. अहो, ही नोटीस कोर्टात दाखवायची म्हणूनच तर दिलीत ना? ती मिळाली हे सिद्ध करण्यासाठी पोचपावती जपून ठेवलीत, आणि तिच्याच कपाळावर ‘ही दाखवू नये’ असं लिहिलंत! कोर्ट बहुतेक वेळा नोटिशीचं सार बघेल आणि ती वाचेलच. 1990 च्या सुमारास बकिंगहॅमशर काउंटी विरुद्ध मोरान या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयानेही तेच केलं. पत्रात हक्क सांगितला होता, देवघेवीचा प्रस्ताव नव्हता, म्हणून शीर्षक असूनही पत्र पुराव्यात घेतलं. पण समोरच्याला वाद घालायला एक तारीख फुकट मिळाली, ती का द्यायची? ठाण्याच्या कोर्टात एका तारखेची किंमत काय असते हे काल्हेरच्या मालकांना मी सांगायला नको.

या चुकीचं मूळ असं आहे की एकाच शब्दांना दोन वेगळे अर्थ चिकटले आहेत. एक, ‘हे पत्र कोर्टात दाखवू नये’. दुसरा, ‘माझे बाकीचे हक्क मी सोडलेले नाहीत’. दुसऱ्या अर्थासाठी मराठीत चांगली वाक्यं आहेत: ‘आमच्या इतर हक्कांना बाधा न येता’, ‘आमचे हक्क राखून ठेवून’. ती पत्राच्या पोटात, योग्य जागी लिहावीत. नोटिशीत तेच हवं असतं. डोक्यावरचं शीर्षक तडजोडीच्या प्रस्तावासाठी राखून ठेवावं. एकाच पत्रात हक्क सांगायचा आणि सवलतही देऊ करायची, मग वर दोन शब्द लिहायचे, ही खिचडी करू नये. पत्रं दोन करावीत. एक उघडं, ज्यात तुमची बाजू पूर्ण ताकदीने. दुसरं तडजोडीचं, ज्यात आकडा. पोस्टाचे चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

पैसे घेतानाचा प्रसंग याहून नाजूक. समजा कंपनीने 5,00,000 चा चेक पाठवला आणि सोबत लिहिलं, ‘हा अंतिम तडजोडीपोटी आहे, मान्य नसल्यास चेक ताबडतोब परत करावा, न केल्यास तडजोड मान्य समजू.’ आमचा खोकेवाला चेक बँकेत टाकतो, पैसे जमा होतात, आणि मग तो तावातावाने लिहितो: ‘ही रक्कम आम्ही विदाऊट प्रेज्युडिस, निषेध नोंदवून स्वीकारली आहे. बाकी 3,40,000 द्या.’ उशीर झाला. भगवती प्रसाद पवन कुमार विरुद्ध भारत सरकार या 2006 च्या प्रकरणात रेल्वेने भरपाईच्या दाव्यापोटी अशाच अटीचे चेक पाठवले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटीसह आलेला चेक वटवणं म्हणजे कृतीने प्रस्ताव स्वीकारणं, करार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे. निषेध चेक वटवण्याआधी कळवला पाहिजे, आणि आधी कळवला हे सिद्ध करण्याचा भार चेक घेणाऱ्यावर. नंतरचं पत्र फार तर रागाचं पत्र ठरतं.

म्हणजे क्रम असा हवा: चेक हातात आला की आधी लिहा, ‘तुमची अट मान्य नाही. हा चेक बाकीपोटी खात्यावर जमा करून घ्यायला आम्ही तयार आहोत. तसं नको असेल तर कळवा, परत करू.’ ते पोचल्याचा पुरावा हातात घ्या. उत्तर येऊ द्या. मग बँक. दोन दिवसांचा विलंब आणि 3,40,000 रुपये, यात काय निवडायचं ते तुम्हीच बघा.

नेमक्या वेळी लिहिलेल्या याच शब्दांनी एका कंत्राटदाराला तारलं, तेही सांगतो, नाहीतर माझं बोलणं एकतर्फी होईल. एनटीपीसी विरुद्ध रेश्मी कन्स्ट्रक्शन्स, निकाल 2004. अंतिम बिलाच्या वेळी कंत्राटदाराकडून ‘आता आमचं काही मागणं नाही’ असा दाखला घेतला गेला. आपल्याकडे हा दाखला दिल्याशिवाय बिल सुटत नाही हे ठेकेदारी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण त्या कंत्राटदाराने त्याच दिवशी वेगळं पत्र लिहून कळवलं की दाखला दिला असला तरी आमचे हक्क आणि मागण्या आम्ही सोडलेल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्याची लवादाची वाट बंद केली नाही. त्याने महिनाभर विचार करून लिहिलं असतं तर? भगवती प्रसादवाल्यांच्या रांगेत उभा राहिला असता, अशी माझी भीती आहे. शब्द तेच, दिवसाचा फरक.

तडजोड मान्य झाली की शीर्षक गळून पडतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. कंपनीने ‘विदाऊट प्रेज्युडिस, 5,50,000 पंधरा दिवसांत देतो’ लिहिलं, खोकेवाल्याने त्या पंधरा दिवसांत लेखी ‘मान्य’ कळवलं, आणि मग कंपनी म्हणाली, ‘ते विदाऊट प्रेज्युडिस होतं, आम्ही बांधील नाही.’ चूक. 1889 च्या वॉकर विरुद्ध विल्शर या जुन्या इंग्रजी निकालात न्यायमूर्ती लिंडले यांनी हे स्वच्छ सांगितलं आणि आजवर तेच धरलं जातं. प्रस्ताव नाकारला गेला तर लिहिणाऱ्याला बाधा नाही, हाच त्या शब्दांचा अर्थ. स्वीकारला गेला तर करार पूर्ण झाला. जुनी स्थिती गेली, नवी आली. ते पत्र आता तडजोड झाली हे दाखवायला कोर्टात ठेवता येतं आणि 5,50,000 साठी त्याच करारावर दावा करता येतो. ज्याला बांधून घ्यायचं नसेल त्याने ‘दोघांच्या सह्या झालेल्या करारानंतरच बंधनकारक’ असं स्पष्ट लिहावं. त्या दोन शब्दांत हे वाक्य दडलेलं नाही.

देणेकरी चेक देतो आणि तो परत येतो, हा काल्हेरचा रोजचा प्रसंग. तिथे पुन्हा तो ‘दिवाणी’ शब्द आठवा. चेक न वटल्याचा खटला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी कोर्टात चालतो. साक्ष्य अधिनियमाचं कलम 21 दिवाणी प्रकरणांपुरतं बोलतं. तेव्हा पत्रावर काही लिहून चेकचं ओझं हलकं होईल या समजुतीत चेक फाडून देऊ नका. आणि घेणाऱ्यानेही बँकेचा मेमो हातात पडल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे हे विसरू नये. तडजोडीची गोड पत्रं वाचण्यात हे तीस दिवस बहुतेक जण घालवतात.

खर्चाची बाजू राहिली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे शीर्षक पूर्ण बंद ठेवणं अंगाशी येऊ शकतं. व्यापारी दाव्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35 बदललं आहे. खर्च कुणावर टाकायचा हे ठरवताना एका बाजूने वाजवी तडजोड देऊ केली होती का आणि दुसऱ्याने ती विनाकारण नाकारली का, हे कोर्टाने पाहायचं आहे. आता समजा कंपनीने खरंच वाद नसलेले पूर्ण 6,72,000 देऊ केले होते, आणि खोकेवाला पूर्ण 8,40,000 वर अडून बसला. निकाल तेवढ्याच रकमेचा लागला. कंपनीला आपला प्रस्ताव दाखवून म्हणायचं आहे, ‘आम्ही एवढे देतच होतो, खर्च आमच्या माथी का?’ आणि तिने स्वतःच त्या पत्रावर कुलूप घातलेलं आहे. इंग्लंडमध्ये 1975 च्या काल्डरबँक या घटस्फोटाच्या खटल्यापासून यावर साधा तोडगा रुळला: ‘विदाऊट प्रेज्युडिस, खर्चाचा प्रश्न वगळून’. म्हणजे दावा ठरेपर्यंत पत्र बंद, खर्च ठरवताना उघडं. काल्हेरच्या पत्रांवर मी हे अजून एकदाही पाहिलेलं नाही. तीन शब्द जास्त लिहायचे आहेत.

वळच्या त्या खोकेवाल्याच्या टेबलावर आज जे पत्र आहे, त्याच्या कपाळावरचे शब्द वाचून झाले असतील तर त्याने आता कपाटातून चलन काढावं, माल पोचल्याची तारीख बघावी, तीन वर्षं मोजावीत, आणि ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनने लिहावी. मग कंपनीला फोन करावा: ‘प्रस्ताव वाचला, विचार करतोय. पण बाकीचा दाखला वेगळा द्या, साध्या लेटरहेडवर, सही करून. या आठवड्यात.’